बडतर्फ झालात? मग घाई कसली!

बडतर्फीचं पत्र स्पीड पोस्टाने आलं, तर पोस्टमनला सरळ सांगा, "घेत नाही." पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा पडून ते परत जाईल आणि तुम्हाला वाटेल, आपण कंपनीची जिरवली. कोर्ट बहुधा असं पत्र मिळालंच असं धरतं. म्हणजे मुदतीचं घड्याळ सुरू झालेलं असेल आणि कागद मात्र तुमच्या हातात नसेल. याहून मोकळं मन कुठे मिळणार?

पत्र चुकून घेतलंच, तर कंपनीकडे अपील करा. कंपनीच्या स्थायी आदेशात, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, तशी सोय असेल तर ते करावंच, त्यात काही वावगं नाही. गंमत पुढे आहे. अपील दिलं की कायद्याचं घड्याळही थांबलं अशी ठाम समजूत करून घ्यायची आणि पाय पसरून बसायचं.

माझा मावसभाऊ या कलेत तरबेज. चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर होता. ४ जानेवारी २०२२ ला त्याला बडतर्फ केलं. २० जानेवारीला त्याने अपील दिलं. पोच मागितली नाही, कारण एचआरवाले साहेब फार गोड बोलले. "अरे, आपलंच आहे सगळं, बघतो मी." मग साहेब दौऱ्यावर गेले, मग ऑडिट आलं, मग अप्रेझल आलं. १८ मे ला दोन ओळींचं पत्र आलं : अपील फेटाळण्यात येत आहे.

त्याने बोटं मोजली. १३४ दिवस झाले होते. अनुचित कामगार प्रथेची तक्रार कामगार न्यायालयात करायला महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने ९० दिवस दिलेत, आणि ते ४ एप्रिललाच सरले होते. साहेबांच्या 'बघतो' ने त्या दिवसांत एकाचीही भर घातली नव्हती. हा रस्ता तसा जवळचा. समेटाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, अंतरिम आदेशही मागता येतो. म्हणूनच तो आधी घालवावा. उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण त्याला सबळ कारण लागतं. 'साहेब गोड बोलत होते' हे कारण वकिलाने लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.

सुदैवाने (की तुमच्या दृष्टीने दुर्दैवाने) दुसरा दरवाजा उघडा होता. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २-अ : एकट्या कामगाराची बडतर्फीही औद्योगिक विवाद धरली जायची, पाठीशी युनियन नसली तरी. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा, ४५ दिवस थांबायचं, मग थेट कामगार न्यायालयात जायचं. एकूण मर्यादा तेव्हा बडतर्फीपासून तीन वर्षं. भावाने १ जूनला अर्ज दिला, म्हणजे १६ जुलैला ४५ दिवस पुरे.

इथे एक मोलाचा सल्ला : तरीही जाऊ नका. समेट अधिकाऱ्याचा 'समेट झाला नाही' असा अहवाल येईपर्यंत वाट पाहा. २०१० च्या दुरुस्तीने तो अहवाल आणि वाद कोर्टाकडे सोपवणारा सरकारचा संदर्भ या दोन्हींची अट अशा बडतर्फीपुरती काढून टाकली, पण हे कोणाला सांगू नका. कामगार कार्यालयातल्या बाकड्याची आणि तुमची ओळख वाढू द्या. कंपनीचा माणूस दर तारखेला येईल, "वरून सूचना नाहीत" म्हणेल आणि पुढची तारीख घेऊन तुमच्याआधी निघून जाईल. तीन वर्षं म्हणजे भरपूर वेळ, असं म्हणत म्हणत ती कधी संपतात ते कळतही नाही.

आणि हो, दोन्ही दरवाजे एकदम ठोठावायची हौस असेल, तर १९७१ च्या कायद्याचं कलम ५९ मुळीच वाचू नका. त्या कायद्याखाली तक्रार दाखल झाली की त्याच बाबतीत दुसऱ्या कायद्याखालची कार्यवाही चालत नाही. भावाच्या वकिलाने हे वाचलेलं होतं. त्याने उशीरमाफीचा अर्ज बाजूला ठेवला, २-अ चा रस्ता धरला आणि जुलै संपायच्या आत दावा दाखल केला. सगळा आराम वाया.

तुम्हाला मात्र संधी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तीन वर्षांची चैन गेली : वाद उद्भवून दोन वर्षं उलटली की समेट अधिकारी तो हातातच घेऊ शकत नाही. अधिकाऱ्याचा अहवाल हातात आला की न्यायाधिकरणात जायला ९० दिवस. जुना माणूस भेटला तर तो छातीठोकपणे "तीन वर्षं आहेत रे" सांगेल. त्याचंच ऐका.

मावसभावाकडे अजून एक गोष्ट आहे. अपिलाची झेरॉक्स, पोचेचा शिक्का नसलेली. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलाने ती दोन बोटांत धरून विचारलं, "हे कधी दिलंत, आणि कोणाला?" भाऊ म्हणाला, "साहेबांना." साहेब तोवर दुसऱ्या कंपनीत गेले होते.