माननीय महोदय, कप फुटले तर कुणाचे?

राजारामपुरीतल्या आमच्या क्रॉकरीच्या दुकानात चहाचे कप लक्ष्मीपुरीतल्या घाऊकवाल्याकडून येतात. नग २६ रुपये. तेच कप उत्तर प्रदेशातल्या खुर्जाला २० रुपयांना मिळतात असं कळलं आणि मी तिथल्या एका मोठ्या कारखानदाराला पत्र लिहायला बसलो.

'माननीय महोदय' झालं. पुढे पेन हलेना.

आबा म्हणाले, "आधी आपली वळख दे. तुझ्या आज्जानं पाटीत कपबशा घिऊन जोतिबाच्या यात्रेत..." मी ते लिहिलं. पान भरलं, आजोबा अजून डोंगर चढतच होते. मित्र म्हणाला, "भावा, दणक्यात लिव, आख्ख्या जिल्ह्याची एजन्सी माग." जिल्हा मागायला निघालेल्या माणसाच्या माळ्यावर कशीबशी सहा कार्टन बसतात, हे पत्रात कुठं घालायचं?

शेवटी दोघांना बाहेर काढून हिशेब मांडला. कार्टनमध्ये १४४ कप, म्हणजे २८८० रुपये. ट्रान्सपोर्टवाल्यानं कार्टनमागं भाडं सांगितलं ५००. वाटेत आठ कप फुटले धरू. ३३८० भागिले १३६, कप पडला २४ रुपये ८५ पैशांना. जीएसटी दोन्हीकडं सारखाच, तो सोडला. म्हणजे एवढ्या उपद्व्यापात कपामागं सुटणार सव्वा रुपयाच्या आत! आणि आठाऐवजी चौदा फुटले, तर तोही गेला. तेव्हा लक्षात आलं, भाव विचारण्यात काही राम नाही. विचारायचं ते फुटीचं.

मग पत्र भराभर झालं. दुकानाचं नाव, २७ नं सुरू होणारा जीएसटी नंबर, कोणता कप हवा आणि चार प्रश्न: भाव कारखान्यातला की कोल्हापूर पोहोच? कमीत कमी किती कार्टन? ट्रान्सपोर्टवाल्यासमोर खोके उघडून, पावतीवर शेरा मारून, फोटो पाठवला तर फूट कुणाची? पहिल्या मालाचे पैसे आगाऊ देतो, दुसऱ्यापासून तीस दिवस चालतील का? पहिल्याच पत्रात उधारी मागितली की समोरचा पुढचं वाचत नाही, म्हणून ती शेवटी, आणि तीही पुढच्या खेपेची. हिंदी शेजारच्या मास्तरांकडून तपासून घेतलं. ('फूट' म्हणजे टूट-फूट हे त्यांनीच घातलं, नाहीतर कारखानदारानं कपाची उंची कळवली असती.)

तिकडून फोन आला तेव्हा मी बँकेत होतो. उचलला आबांनी. परतलो तर ते खुशीत.

"लई चांगला माणूस. पाच टक्क्यापर्यंत फूट त्येची."

"आणि कमीत कमी किती घ्यायचं?"

"चाळीस कार्टन. हो म्हणून टाकलं. आज्जाचं सगळं सांगितलं त्येला, डोंगरापतुर. मग न्हाई कसं म्हणायचं?"

आई घरातल्या पलंगाखाली वाकून जागा मोजत होती.