जाहिरातीत नसलेली माया

आज सकाळी पेपर उघडला तर आतल्या पानावर आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या टेलरकाकांच्या दुकानाची वर्धापनदिनाची जाहिरात. 'आजोबा, वडील आणि नातू अशा तीन पिढ्यांनी टाकलेल्या विश्वासाबद्दल मनःपूर्वक आभार'. खरं सांगू, डोळे भरून आले. कारण त्या तीन पिढ्यांत आमचं घर आहे.

पण मला वाटतं, आभार आपण मानायला पाहिजेत, आणि ते एका गोष्टीसाठी जी जाहिरातीत कुठेच नाही. शिवणीतली माया. म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड हो.

घरातली कुठलीही शिवलेली पँट उलटी करून मागची मधली शिवण बघा. काकांच्या पँटला कंबरेपाशी दोन्ही बाजूंना दीड दीड इंच माया असते आणि खाली सीटच्या गोलाईकडे ती निमुळती होत जाते, कारण तिथे जास्त कापड ठेवलं तर गोळा होतं, बसताना टोचतं. कंबरेला शिवलेला पट्टाही दोन तुकड्यांचा, मागे मधोमध जोडलेला, त्यामुळे तेवढीच शिवण उसवली की काम होतं. रेडीमेड जीन्स घ्या, पट्टा बहुतेक अखंड आणि आतलं कापड शिलाईलगत कापून टाकलेलं. वाढवणार कुठून?

बाबांची लग्नातली टेरीवूलची पँट कंबरेला ३२ होती. माझ्या लग्नात मला तीच घालायची होती आणि माझी कंबर ३४. काकांनी आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "होतंय रे, पण पूर्ण नाही सोडायचं, अर्धा अर्धा इंच आत राहू दे, नाहीतर ताण आला की शिवण फाटंल." म्हणजे दोन्हीकडून एकेक इंच सोडला, बरोबर ३४. उसवल्यावर आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघालं आणि जुन्या शिलाईची भोकं रेघेसारखी दिसत होती. ओलं फडकं टाकून इस्त्री मारली तेव्हा भोकं बुजली, रंगाचा फरक मात्र थोडा राहिला, तो कोटाखाली झाकला गेला. बाबांच्या लग्नातल्या कोटाचं मात्र त्यांनी तोंडावर नाही म्हणून सांगितलं. मुंढा आणि खांदा एकदा कापला की वाढत नाही, पैसे घालवू नकोस म्हणाले.

हे त्यांनी बाबांची पँट बेतली तेव्हाच करून ठेवलं होतं ना! तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. तेवढं कापड वाचवलं असतं तर कोणाला कळलंही नसतं.

आता मुलगा सातवीत आहे, त्याच्या शाळेच्या पँटला खाली अडीच इंच आत दुमडलंय, जूनपासून एकदा सोडून झालं आणि अजून इंचभर शिल्लक आहे. संध्याकाळी पेढे घेऊन दुकानात जाणार आहे, त्यालाही बरोबर नेतोय.