स्वस्त औषधापासून सावध राहा

घरात कुणाला मधुमेह निघाला, तर पहिलं पथ्य हे की डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची नाही. वाचली की प्रश्न पडतात.

उदाहरणार्थ, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. दोन्ही औषधं सरकारच्या 2022 च्या अत्यावश्यक यादीत आहेत, म्हणून दोघांच्याही किमतीला कमाल मर्यादा. पण हीच दोघं एका गोळीत नांदायला लागली, की तो जोड यादीत नाही! वेगवेगळी असेपर्यंत अत्यावश्यक, लग्न झालं की मोकळी. मग जुन्या ब्रँडला दरवर्षी 10 टक्क्यांपर्यंत किंमत वाढवता येते. 100 रुपयांची स्ट्रिप दरवर्षी पुरेपूर वाढवली, तर पाच वर्षांत 161 वर जाते. (यादीतलं औषध बनवणाऱ्या कंपनीने असा जोड नव्याने आणला, तर किंमत आधी सरकारकडून ठरवून घ्यावी लागते. नियम अगदीच भोळा नाही.) तेव्हा डॉक्टरांना ‘दोन वेगळ्या गोळ्या लिहून द्याल का?’ असं चुकूनही विचारू नका. एक गोळी घेणं सोपं असतं, हे खरंच आहे.

यादीतलंच औषध मिळालं, तरी हुरळून जाऊ नका. 1995 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किंमत बनवण्याच्या खर्चावरून ठरायची. 2013 पासून ती बाजारावरून ठरते. बाजारात किमान 1 टक्का वाटा असलेल्या ब्रँडचे दुकानदाराला पडणारे दर घ्यायचे, सरासरी काढायची, वर 16 टक्के दुकानदाराचे. समजा चार ब्रँड आहेत, 9, 8, 6 आणि 1 रुपया. सरासरी 6, कमाल किंमत 6 रुपये 96 पैसे. पहिल्या दोघांना खाली यावं लागतं, हे कबूल. पण गोळी 1 रुपयात परवडते हे चौथ्याने दाखवून दिलं, त्याची नोंद सरासरीत बुडाली. महागड्यांनीच मर्यादा वर ओढली. चौथ्याला मात्र त्या मर्यादेपर्यंत भाव चढवता येत नाही; स्वस्त विकल्याची शिक्षा म्हणा.

आणि तो चौथा ब्रँड शोधायला जाऊ नका. दादरच्या दुकानात तो मागितलात, तर ‘काका, तो येत नाही’ हे उत्तर ठरलेलं. टक्केवारीचं मार्जिन 1 रुपयाच्या गोळीवर किती सुटणार? त्यासाठी प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक औषधबाजारापर्यंत उन्हात कोण हिंडणार?

त्यापेक्षा काउंटरवर खणखणीत आवाजात विचारा, ‘डिस्काउंट किती?’ तो म्हणेल, दहा टक्के. तुम्ही पंधरा मागा. बारावर तोडा. बायकोला फोन करून सांगा, आज बारा टक्के वाचवले.