काम झालं, सर्टिफिकेट मिळालं, मग बँक गॅरंटी परत मागायला लाज कसली?

आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात छोटी कामं घेणारे आम्ही कॉन्ट्रॅक्टर लोक एका बाबतीत फार भिडस्त आहोत आणि त्याबद्दल आज सविस्तर लिहायचंय. काम पूर्ण होतं, कम्प्लीशन सर्टिफिकेट हातात येतं, फायनल बिलाचा पाठपुरावा सगळे करतात, पण परफॉर्मन्स गॅरंटी, म्हणजे काम पूर्ण करण्याबद्दल आपल्या वतीने बँकेने क्लायंटला दिलेली लेखी हमी, मात्र तशीच क्लायंटच्या कपाटात पडून राहते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अरे कशाला पत्रं पाठवतोस, तारीख संपली की आपोआप सुटेल, उगाच शेठ नाराज व्हायचे नि पुढच्या कामाला बोलावणार नाहीत." हे "आपोआप सुटेल" माझ्या मते सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे, कसं ते आकड्यांनीच दाखवतो.

गेल्या वर्षी नाही त्याच्या आदल्या वर्षीचं काम. किनाऱ्यालगतच्या एका खासगी मासळी प्रक्रिया युनिटची कंपाउंड वॉल, आतली गटारं आणि लोडिंगचा काँक्रीट यार्ड. कॉन्ट्रॅक्ट ८० लाखाचं. त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि सगळा गोंधळ या दोन गोष्टी एकच समजल्याने होतो म्हणून नीट सांगतो. पहिली परफॉर्मन्स गॅरंटी, ५ टक्के म्हणजे ४ लाखाची बँक गॅरंटी, वर्क ऑर्डर घेतानाच द्यायची. दुसरी रिटेन्शन, प्रत्येक बिलातून ५ टक्के कापून एकूण पुन्हा ४ लाख, हे डिफेक्ट लायबिलिटी पिरियड म्हणजे पुढचे १२ महिने संपेपर्यंत क्लायंटकडे. गॅरंटी कशासाठी, तर मी काम अर्धवट टाकून पळून जाऊ नये म्हणून. रिटेन्शन कशासाठी, तर केलेलं काम टिकावं म्हणून. आणि आमच्या कॉन्ट्रॅक्टच्या क्लॉजमध्ये स्पष्ट लिहिलेलं की गॅरंटी कम्प्लीशन सर्टिफिकेट दिल्यावर परत करायची.

आता बँकेकडची बाजू. माझ्यासारख्या प्रोप्रायटरी फर्मला बँक फुकट गॅरंटी देत नाही. माझ्याकडून १०० टक्के मार्जिन घेतलं, म्हणजे ४ लाखाची एफडी आणि त्यावर लियन, म्हणजे बँकेचा हक्क. वर वर्षाला २ टक्के कमिशन, ८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,४४०, एकूण ९,४४०. एफडीवर व्याज मिळतं हे खरं, पण ती मोडता येत नाही, आणि मी तिकडे चिऱ्याचा नि सिमेंटचा माल उधारीवर उचलतोय.

गॅरंटीवर एक्सपायरी होती ३१ जुलै २०२४, आणि त्याखाली अजून एक ओळ, क्लेम, म्हणजे क्लायंटची बँकेकडे पैशाची मागणी, ३१ जुलै २०२५ पर्यंत करता येईल. ही दुसरी ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. कोर्टात जायची मुदत कमी करणाऱ्या अटी रद्द ठरवणाऱ्या भारतीय करार कायद्याच्या कलम २८ ला २०१३ पासून जो अपवाद जोडला गेला त्यात एक वर्षाची मुदत आहे, आणि त्याचा अर्थ बऱ्याच बँकांनी असा लावला की प्रत्येक गॅरंटीत निदान वर्षभराचा क्लेम पिरियड हवाच. दिल्ली हायकोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की तो अपवाद क्लेम पिरियडबद्दल नाही, बँकेविरुद्ध कोर्टात जाऊन हक्क बजावण्याच्या मुदतीबद्दल आहे. तरी जुने फॉरमॅट अजून चालूच आहेत. परिणाम काय, तर ओरिजिनल गॅरंटी परत आली नाही तर बँक म्हणते की क्लेम पिरियड संपेपर्यंत एफडी सोडणार नाही. म्हणजे ज्याला लोक जुलैमध्ये "आपोआप सुटेल" समजतात ते पुढच्या जुलैमध्ये सुटतं, काही बँका त्या वर्षाचं कमिशनही लावतात, आणि तोवर आपली गॅरंटी लिमिट अडकलेली असल्याने नवीन टेंडरला नवीन गॅरंटी काढायची सोय नाही. आपल्याकडे काम करायचा मोसम दसऱ्यानंतर ते मे अखेर, तेव्हा दसऱ्याआधी हातात भांडवल नसेल तर पुढच्या सीझनचं काम घेणार कसं सांगा.

काम २० मे २०२४ ला पूर्ण झालं, ५ जूनला सर्टिफिकेट निघालं. सर्टिफिकेट मिळालं की फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवण्याआधी ते ओळ न ओळ वाचायचं. सही कोणाची आहे? कॉन्ट्रॅक्टमध्ये ज्या अधिकाऱ्याला सर्टिफाय करायचा अधिकार दिलाय त्याचीच हवी, साइटवरच्या ज्युनियर इंजिनियरची सही कितीही जिव्हाळ्याची असली तरी अकाऊंट्सवाले ती मान्य करत नाहीत. आमच्याकडे कन्सल्टंटची हवी होती, तीच घेतली. मग तारीख. "काम पूर्ण झाल्याची तारीख" आणि "सर्टिफिकेट दिल्याची तारीख" दोन्ही वेगळ्या लिहून घ्यायच्या, कारण आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये डिफेक्टचे १२ महिने पहिल्या तारखेपासून मोजायचे होते. आणि खाली "किरकोळ कामं बाकी" अशी पुरवणी असेल तर सावध. आमच्यात तीन बाबी होत्या, भिंतीतली पाणी निघायची दोन भोकं, म्हणजे वीप होल, बुजलेली ती मोकळी करणं, एका चेंबरचं झाकण बदलणं आणि गेटचा शेवटचा रंग. त्या पूर्ण करून कन्सल्टंटकडून त्याच यादीवर "पूर्ण" असं सहीसह लिहून घेतलं. ते नसतं तर पत्राला पहिलं उत्तर हेच आलं असतं की यादी बाकी आहे.

मग पत्र. पत्रात फक्त "गॅरंटी परत करावी ही विनंती" लिहिलं तर ते फाइलला लागतं आणि विसरलं जातं. क्लॉज आणि सर्टिफिकेट एका वाक्यात एकमेकांना बांधायचे, की अट ही होती आणि ती या कागदाने पूर्ण झाली. माझ्या पत्राचा गाभा असा होता:

"वरील वर्क ऑर्डरच्या क्लॉजनुसार परफॉर्मन्स गॅरंटी कम्प्लीशन सर्टिफिकेट दिल्यावर परत करावयाची आहे. आपल्या कन्सल्टंटनी दि. ५ जून २०२४ च्या सर्टिफिकेटने काम दि. २० मे २०२४ रोजी पूर्ण झाल्याचे प्रमाणित केले आहे व त्यातील तीन बाबीही पूर्ण झाल्याची सही केलेली यादी सोबत जोडली आहे. त्यामुळे रु. ४,००,००० ची बँक गॅरंटी मूळ प्रतीसह परत करावी आणि या गॅरंटीखाली आपला कोणताही क्लेम नाही व ती रद्द करण्यास हरकत नाही असे पत्र थेट बँकेच्या शाखेला द्यावे. डिफेक्ट कालावधीतील जबाबदारी कायम असून त्यासाठी आपल्याकडे रु. ४,००,००० रिटेन्शन जमा आहे. कृपया ३० जूनपर्यंत कार्यवाही करावी."

विषयाच्या ओळीत गॅरंटी नंबर, तारीख, रक्कम, बँक नि शाखा. वर्क ऑर्डर आणि क्लॉजचे नंबरही खऱ्या पत्रात हवेतच, इथे गाळलेत. सोबत सर्टिफिकेट, यादी, क्लॉजच्या पानाची झेरॉक्स आणि गॅरंटीची झेरॉक्स. ईमेल पाठवलाच, शिवाय हार्ड कॉपी आवकमध्ये देऊन शिक्का घेतला. दोन्ही गोष्टी मागायच्या हे लक्षात ठेवा, मूळ प्रत आणि बँकेला पत्र. नुसती मूळ प्रत हातात आली आणि आजकालच्या गॅरंटीसारखी ती बँकांच्या सिस्टिमवरून क्लायंटच्या बँकेला कन्फर्म झालेली असली तर शाखा क्लायंटचं पत्र मागतेच.

उत्तर काय आलं? अकाऊंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "पावसाळा जाऊ दे ना, गटारं कशी चालतात बघू, भिंत कशी राहते बघू." मला हा मुद्दा अगदी समजतो. आपल्याकडचा पाऊस म्हणजे चार महिन्यांची परीक्षा असते, भरावावरची भिंत जुलैत पोट काढते, चिऱ्याच्या डोंगराकडून पाणी आलं की गटार आपली जागा दाखवतं. क्लायंटला भीती वाटणं बरोबरच आहे. पण त्या भीतीसाठीच तर रिटेन्शन आहे! मी शांतपणे तेच सांगितलं, मॅडम, पावसात काही झालं तर मी येऊन करून देणार, नाही केलं तर तुमच्याकडे माझे ४ लाख आहेत, एकाच भीतीसाठी ८ लाख अडकवायचं कॉन्ट्रॅक्टमध्ये कुठे लिहिलंय ते दाखवा. दाखवता आलं नाही.

मग जुलैच्या सुरुवातीला त्यांच्याकडून मेल, गॅरंटी अजून एक वर्ष वाढवून द्या. इथे खूप जण घाबरून वाढवून देतात, कारण यानंतर "एक्स्टेंड ऑर पे", म्हणजे मुदत वाढवा नाहीतर पैसे द्या, असं पत्र थेट बँकेला जाऊ शकतं, आणि गॅरंटी बिनशर्त असल्यामुळे बँक आपलं ऐकत नाही, पैसे देऊन मोकळी होते. कोर्टातून थांबवायचं तर उघड फसवणूक किंवा भरून न निघणारं नुकसान दाखवावं लागतं, ते छोट्या कॉन्ट्रॅक्टरच्या आवाक्यातलं नाही. म्हणून तर पत्र एक्सपायरीच्या तोंडावर नाही, सर्टिफिकेट मिळाल्याच्या आठवड्यात गेलं पाहिजे. मेलला लेखी उत्तर दिलं की क्लॉजनुसार गॅरंटीचा हेतू ५ जूनला संपला, मुदतवाढीला कॉन्ट्रॅक्टमध्ये आधार नाही, जूनचं पत्र पुन्हा जोडत आहे, प्रत कन्सल्टंटना. कन्सल्टंटनी त्यांना सांगितलं की सर्टिफिकेट मी दिलंय, काही बाकी असतं तर दिलंच नसतं. जुलै संपायच्या आत मूळ प्रत आणि बँकेच्या नावचं क्लायंटचं पत्र दोन्ही मिळालं.

आता हे सगळीकडे चालेलच असं नाही, तेवढं नक्की सांगतो. आपला क्लॉज काय म्हणतो त्यावर सगळं. केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या सर्वसाधारण अटींत गॅरंटी कम्प्लीशन सर्टिफिकेट नोंदवल्यावर परत करायची आहे, तिथे असं पत्र चालतं. पण केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला १७१ वा नियम म्हणतो की परफॉर्मन्स सिक्युरिटी वॉरंटीसकट सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यावर पुढे ६० दिवस वैध असली पाहिजे. त्या धर्तीचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर कम्प्लीशन सर्टिफिकेट दाखवून गॅरंटी मागणं म्हणजे चुकीच्या दारावर थाप. तिथे फार तर रक्कम कमी करून घेण्याची बोलणी करता येतात, तीही सही करण्याआधी. म्हणून टेंडर भरतानाच क्लॉज वाचा नि रिटेन्शनही आहे आणि गॅरंटीही डिफेक्ट पिरियड संपेपर्यंत आहे असं दिसलं तर तेव्हाच भांडा, नाहीतर त्याचा खर्च रेटमध्ये धरा.

आणि गॅरंटी परत आली म्हणून थांबू नका. शाखेत मूळ प्रत आणि क्लायंटचं पत्र जमा करून पोच घ्या, गॅरंटी रद्द झाल्याचं बँकेचं लेखी मागा, आणि एफडीवरचा लियन उठला का ते स्वतः बघा. माझी गॅरंटी सिस्टिममधून निघाली तरी लियनची नोंद तशीच दिसत होती, मॅनेजरसाहेबांसमोर बसून ती काढून घेतली. मुदतीपूर्वी परत केलेल्या गॅरंटीचं उरलेल्या काळाचं कमिशन काही बँका अर्ज केला तर परत करतात, तो अर्जही त्याच दिवशी द्या.