कीटकांच्या पिठातील प्रथिने : तीन दाव्यांचा प्रतिवाद

«कीटकांच्या पिठात मांसाच्या तिप्पट प्रथिने असतात. शिवाय हे किडे खरकट्यावर फुकटात वाढतात आणि एकदा चांगले भाजले की पूर्णपणे सुरक्षित असतात. मग जग ते खात का नाही?»

यातील पहिल्या विधानापासून सुरुवात करू, कारण विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत तेच सर्वाधिक उतरवले जाते. वाळवलेल्या पिठाची तुलना कच्च्या मांसाशी केली की «तिप्पट» हा आकडा सहज मिळतो. चरबी कमी असलेल्या कच्च्या मांसात ७० ते ७५ टक्के पाणी आणि सुमारे २१ टक्के प्रथिने असतात. हेच मांस पूर्ण वाळवले, तर उरलेल्या कोरड्या भागात प्रथिनांचे प्रमाण ७५ टक्क्यांच्या आसपास जाते. उलट मीलवर्म या एका भुंगेऱ्याच्या ताज्या अळीत साधारण ६२ टक्के पाणी असते. दोन्ही पदार्थ ताजे घ्या किंवा दोन्ही कोरडे घ्या, तिप्पट कुठेच दिसत नाही. एका बाजूचे पाणी काढून टाकायचे आणि दुसऱ्या बाजूचे तसेच ठेवायचे, एवढीच या दाव्यामागची करामत आहे.

पण खरी अडचण त्याहून खोल, प्रथिने मोजण्याच्या पद्धतीतच आहे. नेहमीच्या जेल्डाल पद्धतीत प्रत्यक्ष प्रथिने मोजली जात नाहीत. नमुन्यातील एकूण नायट्रोजन मोजला जातो आणि त्याला ६.२५ ने गुणले जाते. नमुन्यातला जवळजवळ सगळा नायट्रोजन प्रथिनांतून आलेला आहे आणि प्रथिनांत त्याचे प्रमाण १६ टक्के आहे, अशी दोन गृहीतके या गुणकात दडलेली आहेत. मांसासाठी ती बऱ्यापैकी चालतात. कीटकांच्या बाबतीत दोन्ही लंगडी पडतात, कारण कीटकाचे बाह्य कवच कायटिनचे असते आणि कायटिन हे कर्बोदक वर्गातील असूनही त्यात सुमारे ७ टक्के नायट्रोजन असतो. त्याखेरीज न्यूक्लिइक आम्ले आणि इतर लहान रेणूंतील नायट्रोजनही त्याच हिशेबात येतो.

नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथील संशोधकांनी २०१७ मध्ये मीलवर्म, लेसर मीलवर्म आणि ब्लॅक सोल्जर फ्लाय ही माशी अशा तीन प्रकारच्या अळ्यांमधील अमिनो आम्ले थेट मोजून उलटा हिशेब केला. अख्ख्या अळीसाठी त्यांना ४.७६ हा गुणक मिळाला आणि अळीतून वेगळ्या काढलेल्या प्रथिनांसाठी ५.६०. या आकड्यांनी नेमका काय फरक पडतो, ते एका उदाहरणात पाहू. समजा, वाळवलेल्या मीलवर्मच्या एका नमुन्यात ८.५ टक्के नायट्रोजन आढळला. जुन्या गुणकाने उत्तर येते ५३ टक्के प्रथिने, तर ४.७६ ने सुमारे ४०.५ टक्के. आता हीच अळी ताजी असताना तिच्यात ३८ टक्के कोरडा भाग होता असे धरले, तर १०० ग्रॅम ताज्या अळ्यांत २० नव्हे, सुमारे १५ ग्रॅम प्रथिने आहेत, म्हणजे तेवढ्याच कच्च्या मांसापेक्षा कमी.

या साडेबारा टक्क्यांच्या फरकाचे खापर सगळेच कायटिनवर फोडतात, तेही अर्धवटच आहे. कोरड्या अळीत ६ टक्के कायटिन धरले, तर त्यातला नायट्रोजन ६.२५ ने गुणल्यावर प्रथिनांचा आकडा जेमतेम अडीच टक्क्यांनी फुगतो. उरलेल्या फरकाचा मोठा भाग कीटकांच्या प्रथिनांची अमिनो आम्लांची घडण वेगळी असल्यामुळे येतो. म्हणून «कवच काढले की आकडा बरोबर होतो» हे उत्तरही पुरेसे नाही. दुसरीकडे, ४.७६ हा गुणक त्या तीन अळ्यांपुरता काढलेला आहे. तो रातकिड्यांच्या किंवा टोळांच्या पिठाला तसाच लावणे म्हणजे जुनी चूक नव्या आकड्याने करणे होय. कोणत्याही शोधनिबंधातला प्रथिनांचा आकडा वापरण्यापूर्वी त्यातील पद्धतीचा भाग उघडून दोनच गोष्टी पाहाव्यात: गुणक कोणता होता, आणि अमिनो आम्लांची बेरीज दिली आहे का. बेरीज दिली असेल आणि ती जाहीर केलेल्या प्रथिनांपेक्षा बरीच कमी भरत असेल, तर आकडा फुगलेला आहे असे समजावे.

एवढे वजा करूनही मीलवर्म हा प्रथिनांचा चांगला स्रोत उरतो, हे सांगायला हवे. त्यात आवश्यक अमिनो आम्ले सगळी असतात आणि धान्यांत कमी पडणारे लायसिन पुरेसे असते. मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त जोडी मात्र कमी पडते. धान्याच्या पिठात कीटकांचे पीठ मिसळण्याला पोषणशास्त्राचा आधार आहे तो याच देवाणघेवाणीमुळे, प्रथिनांच्या टक्केवारीमुळे नव्हे.

दुसरे विधान खरकट्याचे. २०१३ च्या अन्न आणि कृषी संघटनेच्या अहवालानंतर रातकिड्यांना एक किलो वजनवाढीसाठी १.७ किलो खाद्य पुरते, हा आकडा सर्वत्र फिरू लागला. हा आकडा चांगल्या प्रतीच्या खाद्यावरचा आहे, पण फिरता फिरता त्याला «टाकाऊ अन्नावर» असे शेपूट चिकटले. कॅलिफोर्नियातील लंडी आणि परेला यांनी २०१५ मध्ये रातकिड्यांना वेगवेगळ्या प्रतीचे खाद्य देऊन हेच तपासले. कोंबडीखाद्यावर ते उत्तम वाढले, पण खाद्यातील प्रथिनांचे अंगात रूपांतर करण्याच्या बाबतीत ते कोंबडीच्या फारसे पुढे गेले नाहीत. फारशी प्रक्रिया न केलेला शहरी अन्नकचरा आणि मुख्यतः पेंढ्याचे खाद्य यांवर ९९ टक्क्यांहून अधिक रातकिडे काढणीयोग्य आकार येण्याआधीच मेले. म्हणजे प्रश्न कीटकापेक्षा खाद्याच्या प्रतीचा अधिक आहे.

मीलवर्मचे संगोपन प्रत्यक्षात कसे चालते ते पाहिले, तर «फुकट» या शब्दाची जागा कळते. भुंगेरे गव्हाच्या बारीक कोंड्यात अंडी घालतात. ठरावीक दिवसांनी चाळून ते दुसऱ्या ट्रेमध्ये हलवावे लागतात, नाहीतर तेच अंडी आणि लहान अळ्या खातात. अळ्यांना साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. पाणी भांड्यात ठेवत नाहीत, गाजराच्या चकत्यांतून देतात. चकत्या वेळेवर काढल्या नाहीत, की कोंड्याला बुरशी येते, आणि ओलावा वाढला, की कोळी म्हणजे माइट्स शिरतात. कोंड्याच्या पृष्ठभागावर हलणारी फिकट भुकटी दिसणे ही त्यांची खूण. दाट भरलेल्या ट्रेमध्ये अळ्यांच्या स्वतःच्या चयापचयाने उष्णता साठते, त्यामुळे तापमापक खोलीच्या भिंतीवर नव्हे, थराच्या मध्यभागी लावावा लागतो. आठ-दहा आठवड्यांनी काढणी होते, आतडे रिकामे व्हावे म्हणून सुमारे २४ तास उपाशी ठेवतात आणि मग मारतात. नेदरलँड्समधील ऊनिंक्स आणि डी बूर यांच्या २०१२ च्या अभ्यासात मीलवर्मच्या प्रथिनांसाठी मांसापेक्षा जमीन कमी लागली आणि हरितगृह वायूही कमी निघाले, पण ऊर्जा दूध आणि कोंबडीपेक्षा जास्त लागली. जागा वाचते, ती ऊबेचे बिल भरून.

खरकट्याला कायद्याचाही अडसर आहे आणि त्याला सबळ कारण आहे. युरोपीय संघात अन्नासाठी पाळलेला कीटक हा पाळीव पशू मानला जातो, म्हणून त्याला उपाहारगृहांतील उरलेले अन्न किंवा शेण घालता येत नाही. कीटक जे खातो त्यातले सगळेच त्याच्या शरीरातून निघून जात नाही. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांमध्ये खाद्यातील कॅडमियम हा विषारी धातू साठत जातो. अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाच्या बाबतीत मात्र या अळ्यांचा आणि मीलवर्मचा अनुभव उलटा आहे: दूषित खाद्य देऊनही ते त्यांच्यात साठलेले आढळले नाही. त्यामुळे «कीटक विष गाळतात» किंवा «कीटक विष साठवतात» असे सरसकट म्हणण्यात अर्थ नाही; प्रत्येक घटकाचा विचार वेगळा करावा लागतो. जंगलातून वा शेतातून गोळा केलेल्या टोळांवर तर कीटकनाशक फवारले गेले होते का, हा प्रश्न प्रथिनांच्या आधी विचारायला हवा.

आता भाजण्याचे. कीटक सहसा आतड्यासकट खाल्ला जातो, म्हणून आतड्यातील जिवाणूही सोबत येतात. २०१२ मध्ये क्लुंडर आणि सहकाऱ्यांनी मीलवर्म आणि रातकिड्यांवर केलेल्या प्रयोगांत थोडा वेळ उकळल्याने आतड्यातील एंटेरोबॅक्टेरियासी गटातील जिवाणू मेले, पण बीजाणू तयार करणारे जिवाणू काही प्रमाणात टिकले. नुसते भाजणे उकळण्याइतके खात्रीचे ठरले नाही. कोरडी उष्णता ओल्या उष्णतेपेक्षा जिवाणू सावकाश मारते, आणि बाहेरून तांबूस झालेला कीटक आत पुरेसा तापलेला असेलच असे नाही. म्हणून उकळून मग वाळवणे वा भाजणे हा क्रम ठेवतात. उरलेले बीजाणू कोरड्या पिठात निष्क्रिय पडून राहतात, कारण जलक्रियता, म्हणजे सूक्ष्मजीवांना वापरता येणाऱ्या पाण्याचे माप, ०.६ च्या खाली असताना कोणताही सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. तेच पीठ पाण्यात कालवून कोमट जागी काही तास ठेवले, तर अन्नविषबाधा करणाऱ्या बॅसिलस सिरियससारख्या जिवाणूंना संधी मिळते. म्हणूनच पिठाच्या चाचणीत एकूण जिवाणूंबरोबर बॅसिलस सिरियसची वेगळी मोजणी लागते, आणि कालवलेले मिश्रण लगेच शिजवणे किंवा थंड ठेवणे आवश्यक ठरते. त्याच प्रयोगांत मीलवर्मचे पीठ मिसळलेले धान्याचे मिश्रण लॅक्टिक आम्लाने आंबवले असता आम्लतेमुळे ते अधिक काळ सुरक्षित राहिले.

ज्या धोक्यावर भाजणे, उकळणे, आंबवणे यांपैकी कशाचाही भरवशाचा उपाय नाही, तो अ‍ॅलर्जीचा. कीटक आणि कोळंबी दोघेही संधिपाद प्राणी आहेत आणि दोघांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन हे प्रथिन बरेच सारखे असते. ते उष्णतेला दाद देत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्या १५ जणांना मीलवर्म देऊन पाहिले, तेव्हा १३ जणांना प्रतिक्रिया आली. घरातील धुळीतल्या कोळ्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनाही हा धोका संभवतो. युरोपीय संघाने २०२१ मध्ये वाळवलेल्या मीलवर्मला नवीन अन्न म्हणून मान्यता दिली, तेव्हा कवचधारी प्राणी आणि धुळीतले कोळी यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना प्रतिक्रिया येऊ शकते असा इशारा वेष्टनावर बंधनकारक केला. बिस्किटात किंवा पास्त्यात मिसळलेले पीठ डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे अशा व्यक्तीच्या हाती त्या इशाऱ्याखेरीज दुसरी खूण नसते.