सीओडी 240, पण बीओडी 15?

«सीओडी 240 आणि बीओडी फक्त 15 मिग्रॅ प्रति लिटर आला. मग पाणी प्रदूषित आहे की नाही?»

सीओडी म्हणजे पाण्यातले पदार्थ डायक्रोमेट या रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, आणि बीओडी म्हणजे जिवाणूंना ते पाच दिवसांत पचवायला लागणारा. म्हणून आधी क्लोराइड किती आहे ते बघा. 20 मिली नमुन्यासाठी ब्लँकला, म्हणजे नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेतलेल्या चाचणीला, 0.1 नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेट 25 मिली लागलं आणि नमुन्याला 19, तर 6 × 0.1 × 8000 ÷ 20 म्हणजे 240. हिशोब बरोबर आहे, पण डायक्रोमेट कोणी खाल्लं हे तो सांगत नाही. उकळत्या आम्लात क्लोराइडचंही क्लोरीन होतं आणि 1 मिग्रॅ क्लोराइड 0.226 मिग्रॅ ऑक्सिजनइतकी मागणी दाखवतं. क्लोराइड 900 असेल तर 200 पर्यंतचा आकडा नुसत्या मिठाचा असू शकतो!

म्हणून क्लोराइडला बांधून ठेवायला मर्क्युरिक सल्फेट घालतात, क्लोराइडच्या दहापट वजनाने, आणि तेही सिल्व्हर सल्फेटवालं आम्ल ओतायच्या आधी. क्रम चुकला की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका दिसतो. (पाऱ्याचं हे द्रावण नंतर सिंकमध्ये ओतू नका, वेगळं साठवा.) खात्री करायची तर लिटरभर शुद्ध पाण्यात 1.48 ग्रॅम सोडियम क्लोराइड विरघळवा आणि मर्क्युरिक सल्फेट घालून तोच रिफ्लक्स, म्हणजे आम्लात उकळणं, दोन तास चालवा. सीओडी शून्याच्या आसपास यायला हवा.

तो तसा आला आणि नमुना तरीही 240 वरच राहिला, तर मात्र पाण्यात जिवाणूंना पाच दिवसांत न पचणारे सेंद्रिय पदार्थ असावेत, किंवा बीओडीच्या बाटलीत जिवाणूंना मारणारं काहीतरी. दुसरी शंका नमुना आणखी पातळ करून बीओडी पुन्हा लावला की तपासता येते. विषारीपणा असेल तर हिशोबाने बीओडी वाढलेला दिसतो.