विकर्म लँडर चंद्रावर उतरला

खान्देशात जावयाचे लाड होतात, हे खरं आहे. अमळनेरला सासुरवाडीला गेलं की भरीत, कळण्याची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी असा थाट असतो. फक्त यंदा ताट उचलल्यावर सासऱ्यांनी हात पुसले आणि पेन ड्राइव्ह पुढे केला. "जवाईबापू, तुम्ही कॉम्प्युटरमधले. गीतेवर बोललोय, पाऊण तास. खाली अक्षरं येतात ना, ती तेवढी नीट करून द्या."

तेवढी. आप्पा संस्कृतचे निवृत्त शिक्षक आहेत. शाळेत त्यांनी ऱ्हस्व-दीर्घाला कधी माफी दिली नाही, आणि आता त्यांच्या तोंडचं संस्कृत सबटायटल करणारं मशीन लिहून घेत होतं. त्यात रेकॉर्डिंग मे महिन्यातलं, घरच्या ओट्यावर, डोक्यावर पंखा. मे महिन्यात आमच्याकडे पंखा बंद करा म्हणणाऱ्या माणसाला ओट्यावरून खाली उतरवतात. त्यामुळे मशीनला आप्पा आणि पंखा दोघांचंही ऐकावं लागलं, आणि बऱ्याच ठिकाणी त्याने पंख्यावर विश्वास ठेवलेला दिसला.

दुसऱ्या अध्यायातल्या सत्तेचाळिसाव्या श्लोकाचं पडद्यावर असं झालं होतं: "कर मने वाडी कारस ते", आणि पुढे "मा कर्म फल हे तूर भूर मा ते संघ वस्ती कर्मणी". तुरीचं पीक खान्देशात होतं म्हणून गीतेतही यावं, असं काही नाही. पण मशीनचं गणित सरळ आहे. ऐकलेल्या आवाजाला ते माहितीतल्या शब्दांचे कपडे घालतं, आणि संधी झालेला संस्कृत शब्द लांबलचक असल्यामुळे त्याला एक कपडा पुरत नाही. मग तो तुकडे तुकडे करून शिवला जातो.

अर्थ सांगताना आप्पा अहिराणीवर येतात, तिथे वेगळीच मजा. रावेरच्या केळीवाल्याचं उदाहरण देताना ते म्हणाले, "फयनी आशा ठेवू नको." आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, हे मशीनला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने लिहिलं, "फाईल आशा ठेवू नको." फाईलच्या बाबतीत हा उपदेश किती खरा आहे, ते मला पुढे कळायचं होतं. आप्पांना ते दुरुस्त करून 'फळाची' हवं होतं. मी 'फयनी'च ठेवलं. खाली जे दिसतं ते वर ऐकू आलं पाहिजे, नाहीतर ती अक्षरं नव्हेत, भाषांतर झालं.

माझा वेग पाहून शालकाला माझी दया आली. मशीनने 'कर्म' बहुतेक सगळीकडे 'क्रम' ऐकलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं. "दाजी, एकेक काय बदलता? रिप्लेस ऑल मारा." आणि मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात त्याने ते मारलंसुद्धा. 'क्रम'च्या जागी 'कर्म'. क्षणात सगळं शुद्ध.

शुद्धीची खोली नंतर कळली. 'कार्यक्रम' होता तिथे 'कार्यकर्म' झालं. 'पराक्रम'चं 'पराकर्म' झालं, 'अनुक्रमे'चं 'अनुकर्मे'. हे निदान डोळ्याला टोचतात. पण फळाची आशा न धरता पुन्हा कामाला लागण्याचा दाखला म्हणून आप्पांनी चांद्रयानाचं उदाहरण घेतलं होतं. २०१९ साली विक्रम लँडर आदळला, शास्त्रज्ञ पुन्हा कामाला लागले आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये दुसरा विक्रम अलगद उतरला. आता पडद्यावर 'विकर्म लँडर' उतरला होता. गंमत अशी की 'विकर्म' हा गीतेतलाच शब्द आहे, चौथ्या अध्यायात येतो, आणि त्याचा अर्थ निषिद्ध कर्म. गीतेच्या प्रवचनात तो दिसला तर कुणालाही शंका येणार नाही, शब्दकोशवाल्या तपासणीलासुद्धा नाही. भारताने चंद्रावर निषिद्ध कर्म उतरवलं, आणि तेही अत्यंत शुद्ध मराठीत.

मागेपुढे मोकळी जागा ठेवून फक्त सुटा 'क्रम' शोधावा, असं शालकाने मग सुचवलं. त्याने 'विक्रम' वाचतो, पण 'क्रमाने', 'क्रमाचं', 'क्रमयोग' हे सगळे निसटतात. मराठीत शब्द सुटा सापडतो कुठे? विभक्ती चिकटलेलीच असते. शेवटी जुनी प्रत उघडली आणि 'फाइंड नेक्स्ट' दाबत, दरवेळी आवाज ऐकत, एकेक बदलला. शालक आत जाऊन झोपला.

खरी परीक्षा श्लोकाचा दुसरा अर्धा होता. लिहिताना तो 'मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि' असा सलग लिहितात. पण चरण आठ अक्षरांचा, आणि तो 'भूर्मा'च्या मधोमध संपतो. आप्पा नेमके तिथे थांबून श्वास घेतात. म्हणजे आवाज जिथे तुटतो तिथे लिखाण जोडलेलं. 'भूर्मा' सबटायटलच्या पहिल्या पट्टीत ठेवलं तर 'मा' बोलण्याआधीच दिसतो, दुसरीत ढकललं तर 'भू' बोलून झाल्यावर. आप्पांकडे निकाल मागायला गेलो. ते म्हणाले, "थांबलं की संधी सुटते, आणि शेवटच्या र् चा विसर्ग होतो. पाणिनीनेच सांगून ठेवलंय." म्हणून हे असं झालं:

```
41
00:06:12,300 --> 00:06:15,100
मा कर्मफलहेतुर्भूः

42
00:06:15,600 --> 00:06:18,400
मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि
```

सबटायटलची एसआरटी फाईल म्हणजे एवढंच असतं. वर क्रमांक, खाली वेळ, त्याखाली मजकूर आणि मग एक रिकामी ओळ. सेकंदानंतर स्वल्पविराम, पुढे तीन आकडी मिलिसेकंद. रिकामी ओळ आली की पट्टी संपली, असं प्लेअर समजतो.

हे आप्पांना मान्य नव्हतं. एका दुपारी फाईल उघडी राहिली आणि त्यांनी तिच्यावर शिक्षकी हात फिरवला. पहिल्या श्लोकाच्या दोन चरणांमध्ये शोभेसाठी एक ओळ मोकळी सोडली, आणि मराठी फाईलमध्ये इंग्रजी आकडे कशाला म्हणून सुरुवातीच्या बऱ्याच वेळा देवनागरीत केल्या. `00:06:12,300` चं ००:०६:१२,३०० झालं. दिसायला देखणं, पण प्लेअर ते वेळ म्हणून ओळखेना. त्या पट्ट्या मुकाट नाहीशा झाल्या, आणि मोकळ्या ओळीखालचा चरणही दिसेना. आकडे आणि बाण इंग्रजीच लागतात, देवनागरी फक्त मजकुरात, हे त्यांना समजावताना मी गीतेतला एकही श्लोक वापरू शकलो नाही.

वरून शालकाच्या जुन्या लॅपटॉपवर फाईल सेव्ह केली तर सगळी अक्षरं प्रश्नचिन्हं. तिथलं नोटपॅड आपणहून `ANSI` मध्ये सेव्ह करत होतं, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. अशी फाईल बंद केली की अक्षरं परत येत नाहीत, जुनी प्रतच काढावी लागते. सेव्ह अ‍ॅज करताना खाली `UTF-8` निवडायचं, आणि प्रकार `All files`, नाहीतर नावामागे गुपचूप `.txt` लागतं.

शेवटी सगळं आवाजाबरोबर वाचून काढलं. तेव्हा दिसलं की पाऊण तासात मशीनने एकच ओळ अगदी निर्दोष ऐकली होती, 'ऽ' नाही, विसर्ग नाही, एका अक्षराची चूक नाही: "अहो, चहा गार होतोय." सासूबाई, घरातून.

आप्पा म्हणाले, काढून टाका. काढली. लगेच त्यांनी बोट ठेवलं, १८१ नंतर एकदम १८३ कसं? बहुतेक प्लेअरना चालतं, आप्पांना नाही. मग सगळे क्रमांक नव्याने लावले. एवढ्यात सासूबाई आल्या, चष्मा लावून खालपर्यंत वाचत गेल्या आणि विचारलं, "मी बोलले होते ते कुठंय?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. जुनी प्रत उघडली. १८२ परत बसवलं.